‘नाही’ला जागा ठेवून लिहिलेला मेसेज

वर्गातली एखादी मुलगी किंवा मुलगा आवडायला लागला की ते कसं सांगायचं, याची शिकवणी आपल्याला लहानपणापासून मिळत असते. सिनेमे, गाणी, मालिका, कट्ट्यावरचे मित्र, सगळे आपापल्या परीने शिकवतात. समोरून असं काही आलं आणि मनात तसं काही नसेल तर ‘नाही’ कसं म्हणायचं, हे मात्र कुणी शिकवत नाही. रॉय बाउमाइस्टर, सारा वॉटमन आणि आर्लिन स्टिलवेल या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी १९९३ साली एकतर्फी प्रेमावरचा एक अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांनी लोकांना दोन आठवणी लिहायला सांगितल्या. एक, आपण कुणावर तरी जीव लावला पण समोरून तसं काही नव्हतं तेव्हाची. दुसरी, कुणीतरी आपल्यावर जीव लावला आणि आपल्याला तसं वाटत नव्हतं तेव्हाची. जीव लावणाऱ्यांच्या लिखाणात दुःख होतं तशी आशा आणि गोड आठवणीही होत्या. नकार देणाऱ्यांच्या लिखाणात मात्र अपराधीपणा, वैताग आणि ‘आता करायचं तरी काय’ हा गोंधळच जास्त होता. एकाला आपल्या भूमिकेचे संवाद पाठ, दुसऱ्याला एकही संवाद दिलेला नाही, अशी ती स्थिती.

त्याच अभ्यासातली आणखी एक गोष्ट महत्त्वाची आहे. जीव लावणाऱ्यांना वाटत होतं की समोरच्याने आपल्याला आशा दाखवली होती, नकारही कधी स्पष्ट दिला नाही. नकार देणाऱ्यांना वाटत होतं की आपण आशा अशी दाखवलीच नव्हती आणि ‘नाही’ही पुरेसं सांगितलं होतं. दोघांपैकी कुणी खोटं बोलत होतं असं नाही. पण या दोन आठवणींमधल्या अंतरात पुढचे सगळे गैरसमज आणि सगळे त्रास जन्माला येतात.

मी महाविद्यालयात शिकवते. ‘मॅडम, एक मेसेज लिहिलाय, पाठवू का?’ असं विचारत विद्यार्थी येतात, आणि मी ते काम मनापासून करते. कारण त्या पाच-सहा ओळींवर दोन माणसांचं पुढचं वर्ष अवलंबून असतं. ‘तू नाही म्हणायला मोकळी आहेस’ एवढं एक वाक्य शेवटी जोडलं की झालं, असं बहुतेकांना वाटतं. ते पुरत नाही. ‘नाही’ला जागा ठेवायची तर ती मेसेजच्या प्रत्येक ओळीत, तो पाठवण्याच्या वेळेत आणि नंतरच्या आपल्या वागण्यात ठेवावी लागते. नकाराचे शब्द समोरच्याजवळ नसतात, ते विचारणाऱ्याने हाताशी द्यायचे असतात.

एका मुलाचं उदाहरण सांगते. त्याची परवानगी घेतली आहे आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. तो रसायनशास्त्राच्या एम.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला होता. प्रॅक्टिकलला दोघा-दोघांच्या जोड्या असतात. त्याची जोडी वर्गातल्या एका मुलीबरोबर लागली होती. टायट्रेशनला ती ब्युरेटची रीडिंग घ्यायची, हा लिहायचा; पुढच्या खेपेला उलट. रंग पालटतो तो थेंब नेमका कोणता यावरून दोघांचे वाद व्हायचे. तिच्या डब्यातली चपाती-भाजी हा खायचा, जर्नल पूर्ण करायला हा तिला मदत करायचा. दुसऱ्या सेमिस्टरच्या मध्यावर त्याच्या लक्षात आलं की मंगळवारच्या प्रॅक्टिकलची वाट आपण प्रॅक्टिकलसाठी बघत नाही. त्याने एका रात्री जे लिहिलं ते असं होतं:

‘हाय, झोपलीस का? खूप दिवसांपासून सांगायचं होतं पण हिंमत होत नव्हती. तू आल्यापासून माझं सगळं आयुष्य बदललंय. तुझ्यासाठी मी काहीही करू शकतो, तुला माहितीये. तुझ्या जर्नलसाठी रात्रभर जागलो तेव्हाच मला कळलं. तू मला खूप खूप आवडतेस. तुझ्याशिवाय मी राहूच शकत नाही. प्लीज नाही म्हणू नकोस. म्हणालीस तरी चालेल, पण मैत्री तोडू नकोस, ते मला सहन होणार नाही. रागावू नकोस. काहीतरी रिप्लाय दे, मी जागाच आहे.’

यातला शब्द न् शब्द खरा होता. मुलगा चांगला होता, आणि लिहिताना त्याचे डोळे भरून आले असतील असं मला वाटतं. तरीही हा मेसेज वाचणाऱ्या मुलीच्या जागी बसून बघा. तिने ‘नाही’ म्हटलं तर एक मुलगा ‘राहू शकणार नाही’. मैत्री थोडी कमी केली तर ते त्याला ‘सहन होणार नाही’. त्याने तिच्या जर्नलसाठी जागरण केलं होतं, म्हणजे त्या मदतीचा हिशेबही आता समोर आला. जी गोष्ट तिने मैत्री म्हणून घेतली ती उसनवारी ठरली. वर तो जागा आहे, म्हणजे उत्तर आत्ताच हवं. ‘नाही म्हणालीस तरी चालेल’ हे वाक्य त्यात आहे, पण त्याच्या पुढची-मागची सगळी वाक्यं ते खोडून काढतात.

मी त्याला एकच गोष्ट करायला सांगितली. तिने या मेसेजला द्यायचं नकाराचं उत्तर तूच लिहून बघ. तो बराच वेळ बसला. ‘सॉरी, पण’ इतकं लिहून झालं की पुढे त्याला सुचेना. प्रत्येक वाक्याला काहीतरी समजूत घालावी लागत होती. तू असं काही करू नकोस, तू खूप चांगला आहेस, तुला माझ्यापेक्षा चांगली मिळेल. ज्या नकाराला समोरच्याची इतकी समजूत घालावी लागते तो मोकळेपणाने देता येत नाही. मेसेज ठीक आहे की नाही याची याहून चांगली परीक्षा मला माहीत नाही. आपल्या मेसेजला एका ओळीत, कारण न देता, ओशाळं न होता ‘नाही’ लिहिता येतं का? येत नसेल तर मेसेज पुन्हा लिहायचा.

तीन-चार खेपांनंतर जो मेसेज उरला तो असा:

‘एक सांगायचं होतं, अभ्यासाचं नाही. निवांत वाच, घाई नाही. आपण एका टेबलवर काम करायला लागलो तेव्हापासून तुझ्याशी बोलायला मला आवडायला लागलं, आणि हळूहळू तू आवडायला लागलीस, मैत्रीपेक्षा जास्त. तुझ्या मनातही तसंच असेल असं मी धरून चाललेलो नाही. तुलाही तसं वाटत असेल तर कधीतरी बोलू. नसेल तर ‘मला तसं वाटत नाही’ एवढं पुरे, कारण सांगू नकोस. काहीच उत्तर दिलं नाहीस तर मी ते ‘नाही’च समजेन आणि हा विषय पुन्हा काढणार नाही. प्रॅक्टिकल चालू आहे तसंच राहील. टेबल बदलावंसं वाटलं तर मी सरांशी बोलेन, तुला बोलावं लागणार नाही.’

यात भावना कमी झाली आहे का? मला तसं वाटत नाही. ‘आयुष्य बदललंय’ गेलं आणि त्या जागी ‘एका टेबलवर काम करायला लागलो तेव्हापासून’ आलं. पहिलं वाक्य कुणीही कुणालाही लिहू शकतं. दुसरं या दोघांचंच आहे. शिवाय ‘हळूहळू आवडायला लागलीस’ हे खरंही होतं. वाढत गेलेली भावना वाढत गेली असंच सांगावं. ती जेवढी आहे त्याच्यापेक्षा मोठी करून सांगितली की वाचणाऱ्याला तिच्या आकाराचं उत्तर द्यावं लागतं, आणि मैत्रिणीला एकदम आयुष्याचा निर्णय विचारल्यासारखं होतं. ‘आवडतेस’ला ‘मला तसं वाटत नाही’ म्हणता येतं. ‘तुझ्याशिवाय जगू शकत नाही’ला काय म्हणणार?

नकाराची ओळ तिला तयार मिळाली. ती शब्द शोधत बसणार नाही, आणि तिने तीच ओळ परत पाठवली तर त्यात रुक्षपणा वाटणार नाही, कारण ती ओळ त्यानेच दिली आहे. कारण मागितलेलं नाही. कारण मागितलं की चर्चा सुरू होते, आणि कारण खोडून काढायचा मोह भल्याभल्यांना आवरत नाही. ‘घरी चालणार नाही’ असं ती म्हणाली तर हा घरच्यांना समजावायला निघेल. ‘आत्ता अभ्यास आहे’ म्हणाली तर परीक्षेनंतर पुन्हा विचारेल. गप्प राहिली तर त्याचाही अर्थ आधीच ठरवून टाकलेला आहे, त्यामुळे तिला काहीच लिहावंसं वाटलं नाही तरी ती अडकून पडत नाही.

टेबलाची ओळ लिहायला तो सुरुवातीला तयार नव्हता. ‘म्हणजे मीच तिला लांब जायला सांगतोय,’ असं त्याचं म्हणणं. मी ती ठेवायला लावली. वर्गमैत्रिणीला नकार देणं आणि अनोळखी माणसाला नकार देणं यात हाच मोठा फरक आहे. अनोळखी माणूस उद्या दिसणार नाही. हा मात्र मंगळवारी त्याच टेबलाशी उभा असणार, त्याच ब्युरेटवर दोघांना काम करायचं, एकमेकांच्या रीडिंगवर दोघांचे मार्क. ‘नाही’ची खरी किंमत तिला तिथे मोजावी लागते. ती किंमत शब्दांनी कमी होत नाही, व्यवस्थेने होते. म्हणून जोडी बदलण्याचं अवघड काम त्याने स्वतःकडे घेतलं.

कॉर्नेल विद्यापीठातल्या व्हेनेसा बोन्स आणि त्यांच्या सहकारी लॉरेन डीव्हिन्सेंट यांचा २०१९चा अभ्यास नेमका याच गोष्टीवर बोट ठेवतो. नको असलेला प्रेमाचा प्रस्ताव नाकारणं समोरच्याला किती अवघड जातं आणि त्यानंतर त्याला आपलं वागणं किती बदलावं लागतं, याचा अंदाज विचारणाऱ्यांना नीट येत नाही. ते हा त्रास कमी धरतात. एखादी मुलगी लायब्ररीतली जागा बदलते, कँटीनला जायची वेळ बदलते, वर्गात उशिरा येते, हे विचारणाऱ्याच्या लक्षातही येत नाही. त्याला वाटत असतं, मी तर फक्त विचारलं.

‘तू मोकळी आहेस’ या वाक्याबद्दल एक अवघड गोष्टही सांगायला हवी. २००० साली फ्रान्समध्ये निकोला गेगें आणि अलेक्झांडर पास्क्वाल यांनी रस्त्यावर लोकांकडे बसच्या भाड्यासाठी पैसे मागण्याचा प्रयोग केला. नुसते पैसे मागितले तेव्हा फार थोड्यांनी दिले. ‘पण द्यायचे की नाही हे तुमच्यावर आहे’ असं जोडलं तेव्हा देणारे कितीतरी वाढले. क्रिस्टोफर कार्पेंटर यांनी २०१३ मध्ये असे ४२ प्रयोग एकत्र करून पाहिले. परिणाम खरा दिसला, पण जिथे निर्णय लगेच, समोरासमोर घ्यायचा नव्हता तिथे तो कमी झाला. याचा अर्थ असा, की मोकळीक देणारं वाक्य हे होकार मिळवायचं हत्यारही होऊ शकतं. विक्रेते ते वापरतात. प्रेमाच्या मेसेजमध्ये ते त्या हेतूने आलं तर ती फसवणूक आहे, मग शब्द कितीही सभ्य असोत. आणि हेतू चांगला असला तरी ते वाक्य एकटंच असेल तर दबाव कमी करायच्या ऐवजी वाढवू शकतं. त्यावर उपाय त्याच संशोधनात आहे. समोरच्याला वेळ द्या. उत्तर लगेच, डोळ्यांसमोर द्यावं लागू नये.

म्हणूनच वर्गातल्या माणसाच्या बाबतीत मी समोर बोलण्यापेक्षा लिहिण्याच्या बाजूची आहे. ‘हिंमत असेल तर तोंडावर सांग’ असं मित्र म्हणतात. तोंडावर सांगण्यात सांगणाऱ्याची हिंमत दिसते, पण ऐकणारीला चेहरा सांभाळत तिथल्या तिथे काहीतरी बोलावं लागतं, आणि आपल्याकडे त्या क्षणी मुली हसून विषय बदलतात. ते हसू मग ‘तिलाही आवडलं’ म्हणून कट्ट्यावर पोचतं. गॅदरिंगला स्टेजवर, किंवा १४ फेब्रुवारीला कँटीनमध्ये सगळ्यांदेखत गुडघ्यावर बसणं तर मला सरळ अन्याय वाटतो. शंभर माणसं ‘हो बोल, हो बोल’ ओरडत असताना दिलेल्या होकाराला काय अर्थ आहे?

लिहिण्याचे धोके वेगळे आहेत, आणि ते आधी समजून घेतले पाहिजेत. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेला मेसेज नंतर पुसता येतो, पण ‘मेसेज डिलीट केला’ अशी खूण तिथे उरते आणि वाचणारीच्या डोक्यात त्याहून जास्त काही सुरू होतं. पाठवल्यावर सुमारे पंधरा मिनिटं तो दुरुस्त करता येतो, तेवढ्याने फारसं काही साधत नाही. म्हणून पाठवण्याआधी एक रात्र मध्ये जाऊ द्यावी आणि सकाळी, चहा झाल्यावर, पुन्हा वाचावा. रात्री दीडला लिहिलेला मेसेज रात्री दीडला पाठवू नये.

लॉक असलेल्या फोनवर नव्या मेसेजची पहिली ओळ अनेकदा तशीच दिसते. आपल्याकडे मुलींचा फोन पुष्कळदा फक्त त्यांचा नसतो. भाऊ बघतो, आई उचलते, हॉस्टेलच्या खोलीत चार्जिंगला लावलेला असतो आणि तीन मैत्रिणी शेजारी असतात. ‘तू मला आवडतेस’ ही पहिली ओळ चुकीच्या माणसाने वाचली तर काही घरांमध्ये त्या मुलीचं कॉलेज बंद होऊ शकतं, आणि त्यात तिने काहीच केलेलं नसतं. जात वेगळी असेल तर गोष्टी कुठल्या कुठे जातात. या मुलाच्या मेसेजची पहिली ओळ ‘एक सांगायचं होतं, अभ्यासाचं नाही’ अशी साधी आहे ती याचसाठी. ती मुलगी हॉस्टेलला राहायची, आठवड्याच्या शेवटी कधी कधी गावी जायची. ती गावी असताना मेसेज पाठवायचा नाही, एवढं आम्ही पक्कं केलं.

वेळही ठरवली. त्याला एक्स्टर्नल प्रॅक्टिकलच्या आदल्या रात्री पाठवायचा होता, कारण ‘मनातलं ओझं उतरवून परीक्षेला जाईन’. त्याचं ओझं उतरलं असतं ते तिच्या डोक्यावर बसलं असतं, आणि सकाळी तिला व्हायवा होती. शेवटी परीक्षा बरीच लांब असताना, एका शनिवारी संध्याकाळी तो गेला. रविवारी सुट्टी, सोमवारी त्यांची बॅच वेगळी. वाचल्यावर दोन दिवस तिला त्याचं तोंड बघावं लागणार नव्हतं.

त्याआधी त्याने आणखी एक काम केलं, आणि मला ते सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. त्याचे मित्र त्या मुलीला मागून ‘वहिनी’ म्हणायला लागले होते. हा प्रकार आपल्या प्रत्येक कॉलेजात चालतो. ती पॅसेजमधून गेली की कुणीतरी खोकतं, कुणीतरी याचं नाव घेतं. विचारण्याआधीच उत्तर ठरवून टाकलेलं असतं, आणि मग ‘नाही’ म्हणणारी मुलगी एका मुलाला नव्हे, सबंध टोळक्याला नाही म्हणत असते. मी त्याला सांगितलं, हे थांबल्याशिवाय मेसेज पाठवायचा नाही. त्याने मित्रांशी भांडण केलं. दोन जणांनी ऐकलं, एकाने ऐकलं नाही. त्याच्याशी बोलणं त्याने बंद केलं. मेसेजबद्दल त्याने त्यांच्यापैकी कुणालाही सांगितलं नाही.

तिचं उत्तर रविवारी दुपारी आलं: ‘मला तसं वाटत नाही. नीट सांगितलंस, बरं वाटलं. टेबल बदलू नको.’ त्यावर त्याने लिहिलं: ‘समजलं. सांगितलंस ते बरं झालं. मंगळवारी भेटू.’ या दुसऱ्या उत्तरावरही आम्ही आधी बोललो होतो, कारण बहुतेक गाड्या इथे रुळावरून घसरतात. ‘ओके, पण एकदा विचार कर.’ ‘कुणी दुसरं आहे का?’ ‘मी वाट बघेन.’ या तिन्ही उत्तरांनी आधी दिलेला शब्द मोडतो. ‘वाट बघेन’ हे ऐकायला त्याग वाटतो, पण तिच्यासाठी तो न संपणारा प्रश्न असतो. रोज वर्गात शिरताना ती वाट बघणारा माणूस बघते.

पुढचे काही आठवडे त्याला जड गेले. तो माझ्याकडे येऊन बसायचा, कधी बोलायचा, कधी नाही. मी त्याच्याकडून एक कबूल करून घेतलं होतं, की दुःखी गाण्यांचे स्टेटस लावायचे नाहीत. स्टेटस सगळ्यांसाठी असतं, पण ते कुणासाठी आहे हे त्या एका माणसाला बरोबर कळतं. तो तिला पाठवलेला दुसरा मेसेजच असतो, फक्त त्याला उत्तर देता येत नाही. दुःख मोठ्या भावाला सांगा, मैत्रिणीला सांगा, शिक्षकाला सांगा, वहीत लिहा. जिने नकार दिला तिच्याकडे ते सांत्वनासाठी नेऊ नका.

इथे ‘नाही’ स्पष्ट आलं. नेहमी तसं येत नाही. आपल्याकडे नकार अनेक रूपांत येतो. ‘बघू.’ ‘हं.’ ‘अरे, मी असा विचारच केला नव्हता कधी.’ ‘सध्या अभ्यासावर लक्ष द्यायचंय.’ ‘तू मला भावासारखा आहेस.’ ‘आमच्या घरी चालणार नाही.’ दोन दिवस निळ्या खुणा आणि उत्तर नाही. यातलं प्रत्येक ‘नाही’ आहे असं समजून चालावं. क्वचित एखादीच्या मनात खरंच वेगळं असेल आणि ती घरच्यांना घाबरत असेल. तर तिच्याकडे तुमचा मेसेज आहे, तुमचा नंबर आहे, आणि तिला बोलावंसं वाटलं तर ती बोलेल. त्या क्वचित शक्यतेसाठी बाकी सगळ्यांना पुन्हा पुन्हा विचारत राहायचं, हा हिशेब चुकीचा आहे.

मुली असं आडून का बोलतात, असा प्रश्न मुलं मला विचारतात, कधी कधी रागाने विचारतात. त्यांना मी हिंगणघाटची आठवण देते. फेब्रुवारी २०२० मध्ये तिथे एका तरुण प्राध्यापिकेला तिच्या मागे लागलेल्या माणसाने भर रस्त्यात पेटवलं, आणि आठवडाभर झुंजून ती गेली. त्याच्याही आधी, १९९० मध्ये, उल्हासनगरला रिंकू पाटील या मुलीला परीक्षेच्या वर्गात जाळण्यात आलं होतं. माझ्याकडे येणारी मुलं तशी नाहीत, हे मला माहीत आहे. पण मेसेज उघडणाऱ्या मुलीला ते आधीपासून माहीत नसतं. ती गोड बोलून वेळ काढते तेव्हा ती स्वतःला सांभाळत असते. सरळ ‘नाही’ ऐकायचं असेल तर ते सांगणं सुरक्षित आहे हे आपण आधी दाखवून द्यायला हवं.

कायदाही थोडक्यात माहीत असावा. १ जुलै २०२४पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ७८ प्रमाणे, स्त्रीने नको असल्याचं स्पष्ट दाखवल्यानंतरही जवळीक साधण्यासाठी पुन्हा पुन्हा तिचा पाठलाग करणं किंवा तिच्याशी संपर्क करणं हा गुन्हा आहे. पहिल्यांदा दोषी ठरल्यास तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. २०१३मध्ये जुन्या दंडसंहितेत आलेलं कलम ३५४ ड हे त्याचंच आधीचं रूप. एकदा सभ्यपणे विचारणं याला हे कलम लागत नाही. स्पष्ट ‘नाही’ आल्यानंतर पुन्हा पुन्हा मागे लागलं की लागतं. शिवाय विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१५च्या नियमांनुसार लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी प्रत्येक महाविद्यालयात अंतर्गत समिती असावी लागते. तिची माहिती सूचनाफलकावर शोधून ठेवा.

आतापर्यंत मुलाने मुलीला लिहिलेल्या मेसेजबद्दल बोलले, कारण माझ्याकडे तेच जास्त येतात. मुलगी लिहिते तेव्हा रचना तीच राहते, फक्त धोका बराचसा तिच्याकडेच सरकतो. तिचा मेसेज मुलांच्या ग्रुपवर फिरला तर तिच्याबद्दल काय बोललं जाईल हे आपण सगळे जाणतो. म्हणून ज्या मुलाने दुसऱ्या कुणाचे मेसेज तिला कधी हसत दाखवले असतील, त्याला तिने लिहू नये. तो तिचाही दाखवेल. मुलगा मुलाला किंवा मुलगी मुलीला लिहीत असेल तर समोरच्याने आपलं मन अजून कुणालाही सांगितलेलं नसण्याची शक्यता मोठी असते. तिथे ‘तूही तसाच आहेस असं मला वाटतं’ असा अंदाज चुकूनही लिहू नये; फक्त आपल्याबद्दल लिहावं.

आता एक विनंती, ज्यांना असा मेसेज येईल त्यांना. नाही म्हणायला कारण लागत नाही, माफी मागायची गरज नाही, ‘आपण मित्र राहू’ असं मनात नसताना म्हणायची तर मुळीच नाही. एक ओळ पुरते. ती लिहायचीही भीती वाटत असेल, किंवा लिहूनही तो थांबत नसेल, तर मेसेज जपून ठेवा आणि घरातल्या किंवा कॉलेजातल्या विश्वासाच्या मोठ्या माणसाला दाखवा. पण ज्याने एकदाच, नीट, मोकळीक देऊन विचारलं त्याचा स्क्रीनशॉट काढून ग्रुपवर टाकू नका. पुढच्या वेळी आणखी कुणी नीट विचारावं असं वाटत असेल, तर त्याचं बोलणं त्याच्या आणि तुमच्यातच राहू द्या.